‘पानं पिवळी पडली, काय मारू?’ याला पहिलं उत्तर किती लांब असावं?

धागाकर्ता (कळमेश्वर):
आमच्या सल्ला गटात संत्रा बागायतदारांचे निरोप असे येतात: “झाडं पिवळी पडून राहिली, काय मारू?” बस, एवढंच. सोबतचे म्हणतात, पहिलं उत्तर दोन-तीन वाक्यांच्या वर जाऊ देऊ नको. मला वाटतं, सगळी कारणं आणि उपाय एकदाच लिहून दिले तर त्याचं काम होईल. तुमचं मत सांगा.

बागसल्लागार:
दोन-तीन वाक्यंच. कारण पिवळेपणाचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध जातात. नत्र कमी पडलं असेल तर खत द्यायचं असतं. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजत असतील, तर तेच खत वाया जातं आणि उरलेल्या मुळांना त्रासही होतो. सहा कारणं लिहून दिली की वाचणारा त्यातलं ओळखीचं किंवा सहज मिळणारं उचलतो, आणि ते बहुतेक वेळा युरिया असतं.

ऑगस्टमध्ये असा निरोप आला तर मी एवढंच लिहीन:

“भाऊ, पिवळेपणा नव्या पालवीवर आहे का जुन्या पानांवर, आणि पानाच्या शिरा हिरव्या आहेत का त्याही पिवळ्या झाल्या? एका फांदीचा जवळून आणि जमिनीलगतच्या खोडाचा, असे दोन फोटो पाठवा. तोवर युरिया टाकू नका, आळ्यात पाणी साचलं असेल तर वाट काढून द्या.”

नवी पानं पिवळी आणि शिरांची बारीक जाळी हिरवी, तर लोह. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. नवी पानं लहान, अरुंद आणि शिरांच्या मधे पिवळे चट्टे, तर जस्त. जुनं पान सगळं सारखं फिकं, तर बहुधा नत्र. जुनं पान पिवळं पण देठाकडे हिरवा त्रिकोण उरला, तर मॅग्नेशियम. आणि मधली शीरच आधी पिवळी पडली, तेही बागेतल्या मोजक्या झाडांवर, तर खोड आणि मूळ पाहायचं. एका प्रश्नात पाच वाटा वेगळ्या होतात, म्हणून तो प्रश्न विचारायचा.

केंद्रवाला (काटोल):
सल्लागारजी, तुम्ही कागदावर बरोबर आहात. पण हा माणूस निरोप टाकून थांबत नाही. सकाळी गाडी काढतो आणि कृषी केंद्रात येतो, “पिवळं पडलं, द्या काहीतरी.” मग दुकानदार जे हाती देईल ते तो नेतो. तुमचं उत्तर प्रश्नावर संपलं, तर त्याच्या हाती काहीच लागलं नाही. निदान औषधाचं नाव आणि प्रमाण लिहा. झिंक सल्फेट ०.५ टक्के, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम, आणि त्याच्या निम्मा चुना, एवढं तरी. लोहाची ओळ, जस्ताची ओळ, बुरशीची ओळ, असं लिहिलं तर कुणाचं नुकसान होत नाही.

बागसल्लागार:
तो सकाळी दुकानात जातो, हे अगदी खरं. म्हणूनच तिसरं वाक्य लागतं. “तोवर हे करू नका” हे त्याच्या हाती दिलेलं काम आहे आणि ते त्याला दुकानातही उपयोगी पडतं.

नुकसान होत नाही, हे मात्र मान्य नाही. खोडाला डिंक्या लागलेल्या झाडावर जस्त मारलं तर झाडाला वाईट होणार नाही, पण शेतकरी दोन-तीन आठवडे पानं हिरवी व्हायची वाट पाहतो. तोवर साल कुजत खोडाभोवती पसरते, आणि पूर्ण वेढा पडला की ते झाड वाचत नाही. शिवाय ही बुरशी पाण्याबरोबर सरकते. एका आळ्यातलं पाणी दुसऱ्यात जात असेल तर शेजारचं झाडही धोक्यात येतं. खोडाचा फोटो वेळेत आला असता तर कुजकी साल खरवडून बोर्डो पेस्ट लावता आली असती: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. हे प्रमाण दुसऱ्या उत्तरात येतं, फोटो पाहिल्यावर.

वरुडकर:
माझ्याकडे आंबिया बहाराची फळं गळून राहिली, देठापाशी काळी पडतात. यावर दोन-तीन वाक्यांत सांगा ना.

बागसल्लागार:
वरुडकर भाऊ, तुमचा विषय वेगळा आहे, पण धागाकर्त्याला उदाहरण मिळालं. गळलेली फळं बोराएवढी आहेत का लिंबाएवढी, आणि कापल्यावर आत अळी किंवा सड दिसते का? चार गळालेल्या फळांचा कापून फोटो टाका. झाडाखालची फळं तोवर वेचून बागेबाहेर खोल पुरा.

पाटीलताई (नरखेड):
मी दोन-तीन वाक्यांच्या बाजूची आहे, पण वरचं उत्तर बारा महिने तसंच चिकटवू नका. ऑगस्टमध्ये पाण्याला वाट काढणं ठीक. मे महिन्यात पारा ४५ वर असताना “पाणी थांबवा” असं कुणी लिहिलं आणि झाडावर आंबियाची फळं असली, तर फळं गळतील. उलट डिसेंबर-जानेवारीत आंबियासाठी किंवा मेमध्ये मृगासाठी ताण दिला असेल, तर पानं पिवळी पडून थोडी गळणं अपेक्षितच असतं. त्या दिवसांत पहिला प्रश्न एकच: “बाग ताणावर आहे का, आणि कधीपासून?” उत्तर ‘हो’ आलं तर निम्मी चिंता तिथेच संपते.

आणखी एक. प्रश्न असा हवा की शेतात उभ्या माणसाला डोळ्यांनी उत्तर देता येईल. “जमिनीचा सामू किती?” असं विचारलं की तो गप्प बसतो, परत लिहितच नाही. माती परीक्षणाची गोष्ट लोहाची खूण दिसल्यावर काढायची. आणि प्रश्न दोनच. पाच विचारले तर तो शेवटच्याचंच उत्तर देतो.

केंद्रवाला (काटोल):
ताई, महिन्याचं पटलं. पण उत्तर-प्रतिउत्तरात दोन दिवस जातात, हे कुणी धरून राहिलं नाही. सल्लागार संध्याकाळी पाहणार, शेतकरी दुसऱ्या दिवशी शेतात जाणार.

पाटीलताई (नरखेड):
पिवळेपणात दोन दिवस परवडतात. कमतरता महिनोन्‌महिने वाढत आलेली असते, मूळकूजसुद्धा पानावर दिसेपर्यंत आत बरीच झालेली असते. जिथे तास मोजायचे, तिथे प्रश्न विचारतच बसू नये. “तणनाशकाचा पंप न धुता बागेत फवारा मारला” असा निरोप असेल तर आधी फवारणी थांबवायला सांगा आणि फोन लावा. फवारताना माणसाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर एकच वाक्य: अंगावरचे कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा घेऊन लगेच दवाखान्यात जा.

धागाकर्ता (कळमेश्वर):
ज्यांना टाइप करता येत नाही त्यांचं काय? बरेच जण आवाजी निरोपच पाठवतात.

बागसल्लागार:
तुम्हीही बोलूनच पाठवा, पण तेवढंच. लांबलचक बोललेलं तर आणखी वाईट, कारण लिहिलेलं निदान पुन्हा नजरेखालून घालता येतं. फोटोचं सांगताना पान तळहातावर धरून सावलीत काढायला सांगा. भर उन्हात काढलेल्या फोटोत हिरव्या शिरा पांढुरक्या दिसतात आणि लोह-जस्त ओळखताना घोळ होतो.

केंद्रवाला (काटोल):
सावलीचं मी दुकानातही सांगीन. पण पहिल्या उत्तरात औषधाचं नावच नको, हे मला अजून पटत नाही. ज्याचा फोन साधा आहे, फोटो पाठवताच येत नाही, त्याच्यासाठी तुमच्याकडे काय आहे?

पाटीलताई (नरखेड):
त्याला सांगा की नवं एक, जुनं एक आणि त्यांच्या मधलं एक, अशी एकाच फांदीवरची तीन पानं खिशात घालून तुमच्या दुकानात यावं. आणि निघण्याआधी खोडाशी डिंक दिसतो का, एवढं पाहून यावं. तुम्ही पानं पाहूनच द्या.