विकणाऱ्याचे 55 लाख

भोसरीवाला: चालू वर्कशॉप विकत घ्यायचं ठरतंय. नफा-तोटा पत्रकात व्याज-कराआधीचा नफा 48 लाख. मालक म्हणतो, यंदा स्पिंडल दुरुस्तीला 7 लाख गेले, ते एकदाचेच, म्हणजे खरा नफा 55. चारपट धरून 2 कोटी 20 लाख. मला रास्त वाटतंय. कुणी घोडं अडवू नका.

जुना मुनीम: अडवतोच. मालकाला फक्त खर्च एकदाचा आठवला, कमाई आठवली नाही? 'इतर उत्पन्न' उघडा. आणि दुरुस्तीचं खातं तीन वर्षांचं काढा.

भोसरीवाला: काढलं. जुनी व्हीएमसी विकल्याचा नफा 11 लाख. दुरुस्ती 5, 6, 7.

जुना मुनीम: मग एकदाचं कसलं? दरवर्षी येणारा पाहुणा तो. सरासरी 6, म्हणजे फार तर 1 लाख परत मिळवा. 11 वजा करा. 38 उरले. आणि मशीन गेली, तर तिचं काम आता कोण करतंय? जॉबवर्कची बिलं वाढलीत का ते बघा. मालक पगार घेतो का?

भोसरीवाला: नाही.

जुना मुनीम: तुम्ही तिथे बसणार नसाल तर मॅनेजरचे 9 लाख. 29 उरले. चारपट 1 कोटी 16.

सीए_नाही_पण: थांबा. पगार हा एकदाचा खर्च नव्हे, तो सामान्यीकरणाचा भाग, म्हणजे न दाखवलेला नेहमीचा खर्च बाजारभावानं धरणं. दोन्ही एकाच टोपलीत टाकू नका. आणि सरासरीचं सूत्र सगळीकडे चालत नाही. दुरुस्ती 5, 6, 7 अशी चढतेय, म्हणजे यंत्रं म्हातारी होताहेत. पुढच्या वर्षी 8 नसेल कशावरून? मग 1 लाखसुद्धा मिळवू नये.

जुना मुनीम: टोपल्या वेगळ्या, मान्य. चढत्या आकड्याचंही मान्य, बाबा. 28 धरा. खूश?

डबेवाली_लेक: पगाराचं निघालंच आहे तर सांगते. आईनं बावीस वर्षं आमच्या कॅटरिंगमध्ये पहाटे चारला उठून काम केलं, पुस्तकात तिच्या नावावर रुपया नाही. विकताना काकांनी तोच 'नफा' दाखवून भाव वाढवून घेतला. घेणाऱ्यानं दोन स्वयंपाकी ठेवले आणि सहा महिन्यांत रडत आला.

सीए_नाही_पण: भावना समजते, पण प्रश्न वर्कशॉपचा आहे.

डबेवाली_लेक: तोच आहे! फुकटची माणसं नफ्यात लपतात, हेच तर म्हणतेय. मालकाची बायको बिलिंग करते का, शेड मेव्हण्याची आहे का, विचारलं कुणी?

जुना मुनीम: ताईंचं खरं आहे. शेडचं भाडं बाजारभावानं धरा. मीच विसरलो, म्हातारपण.

भोसरीवाला: शेड भावाची आहे. भाडं महिना 10 हजार. शेजारचा गाळा 35 हजारांना जातो. म्हणजे वर्षाला आणखी 3 लाख गेले. मालकाला आत्ता फोन केला, तर म्हणाला, "कागदं वाचणारे धंदे करत नाहीत."

सीए_नाही_पण: मग त्याला म्हणावं, पुढच्या वर्षीची दुरुस्ती तूच भर.