जहाजाचं 'विस्थापन' टनांत कसं?

मीनल_अनुवाद
नववीच्या मुलांसाठी तरंगण्यावरच्या गणितांचा संच मराठीत करतेय. एका गणितात मी लिहिलं, 'विक्रांत या विमानवाहू नौकेचं विस्थापन सुमारे 45,000 टन आहे.' लेकीने वाचलं आणि कागद माझ्यासमोर ठेवला. "आई, विस्थापन मीटरमध्ये असतं. गतीच्या धड्यात आहे. आणि त्याला दिशा लागते. ही नौका कुठल्या दिशेला 45,000 टन गेली?" मला उत्तर सुचलं नाही. नौकेने जेवढं पाणी बाजूला सारलं त्याचं वजन, असा अर्थ आहे. पण त्याला एकच सुटसुटीत शब्द आहे का?

धरणकाठ
आमच्याकडे विस्थापन म्हटलं की कोयनाच आठवते. आजोबांचं गाव पाण्याखाली गेलं. तिथे पाण्यासाठी माणसं उठली, इथे नौकेसाठी पाणी उठतंय. शब्द एकच, फक्त उठणारा बदलला. मला तरी तो चालतो.

शुद्धमती
'विस्थापन' हा कोशात बसून घडवलेला शब्द आहे. साधं 'सारणे' क्रियापद आपल्याकडे असताना 'सारण' का म्हणू नये? नौकेचं सारण 45,000 टन.

पुरणपोळी_आणि_मी
ताई, 45,000 टन सारण! करंज्या किती होतील?

बंड्या_नागपूर
एवढा घोळ कशाला? टन म्हणजे त्या जहाजात किती माल मावतो ते. ट्रकवर लिहिलेलं असतं तसं. 'क्षमता' लिहा, झालं.

दर्यावर्दी
बंड्याभाऊ, नाही. मी 22 वर्षं मालवाहू जहाजांवर होतो. जहाजाचे टन तीन प्रकारचे सांगतात आणि नवीन पोरं दर वेळी गोंधळतात. तुम्ही म्हणता ते मालाचे टन वेगळे. ग्रॉस टनेज म्हणतात ते तर वजनच नाही, ते जहाजाच्या आतल्या जागेवरून काढतात. आणि मीनलताईंचा आकडा म्हणजे सगळ्यासकट अख्ख्या नौकेचं वजन. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकंच पाणी सारते, म्हणून नौका वजनकाट्यावर न ठेवताही आकडा निघतो. युद्धनौकांचा हाच सांगतात.

बंड्या_नागपूर
मग सरळ 'वजन' लिहा ना!

जुना_मास्तर
बंडोपंत, सूचना वाटते तेवढी वाईट नाही. फक्त मग पाणी सारण्याचा मुद्दा गणितातून जातो, आणि गणित त्याच्यासाठीच आहे. मी वर्गात एकच लोखंड दोनदा वापरायचो. 780 ग्रॅम लोखंड घ्या. त्याची घनता दर घन सेंटिमीटरला 7.8 ग्रॅम, म्हणजे आकारमान 100 घन सेंमी. ठोकळा करून पाण्यात सोडला तर तो 100 ग्रॅमच पाणी सारतो. वर ढकलणारं बल 0.98 न्यूटन, वजन 7.64 न्यूटन. ठोकळा तळाला जातो. ताणकाट्याला टांगून बुडवला तर काटा 6.66 दाखवतो.

आता तेच लोखंड ठोकून पत्रा करा आणि त्याची वरून उघडी पेटी करा. बाहेरून 10 बाय 10 सेंमी, उंची 12. पेटी खाली जाऊ लागते आणि पाणी सारत जाते. 780 घन सेंमी सारलं की थांबते, म्हणजे 7.8 सेंमी खोल गेल्यावर. वर 4.2 सेंमी कोरडी राहते. तेवढ्यात आणखी 420 ग्रॅम माल काठोकाठ बसतो. त्यापुढे एक खिळा टाकला तरी पाणी आत. 'जहाजात हवा असते म्हणून ते हलकं होतं' असं मुलं लिहितात. पेटी हलकी झालेलीच नाही, 780 ग्रॅमच आहे. फक्त ती जास्त जागा अडवते.

दर्यावर्दी
यात पाणी कुठलं ते पण बघा. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. मास्तरांची पेटी समुद्रात 7.6 सेंमीच बुडेल. आमचं जहाज समुद्रात 10 मीटर बुडत असेल, तर नदीवरच्या बंदरात शिरल्यावर पाव मीटर आणखी खाली. माल तोच, माणसं तीच. म्हणून धक्क्याला लागल्यावर बादलीभर पाणी काढून त्याची घनता मोजायचो. हे विसरलं की तळ गाळाला टेकतो.

शुद्धमती
मास्तर, तुम्ही 'वर ढकलणारं बल' म्हणालात ते आवडलं. पुस्तकातलं 'प्लावक बल' पोरांच्या जिभेवर बसत नाही. 'उचल' म्हणावं. पाण्याची उचल.

धरणकाठ
'उचल' म्हणजे ऊसतोडीला जायच्या आधी मुकादमाकडून घेतात ते पैसे. ती फेडताना माणूस वर येत नाही, खालीच जातो.

जुना_मास्तर
पण मला खरं तर 'बाजूला सारलेलं पाणी' यावरच आक्षेप आहे, आणि तो शब्दाचाच आहे. मुलांना वाटतं की 780 ग्रॅमची पेटी तरंगायला निदान 780 ग्रॅम पाणी हवंच, नाहीतर सारणार काय?

घरी बघा. पेटीपेक्षा जेमतेम मोठं, आतून 10.4 बाय 10.4 सेंमीचं चौकोनी भांडं घ्या. पेटी त्यात अलगद धरा आणि चारी बाजूंच्या फटींतून पाणी ओता. तळाखाली 2 मिलिमीटर पाणी राहील इतकं ओतलं की पेटी तरंगते. पाणी लागतं 85 मिलिलिटर! पाऊण किलोची पेटी अर्ध्या कपापेक्षा कमी पाण्यावर. पाण्याची पातळी किती उंच आली हे महत्त्वाचं, पाणी एकूण किती हे नाही. दाब उंचीवर ठरतो. 780 ग्रॅम पाणी तिथून कुणी सारलेलं नाही, ते तिथे कधी नव्हतंच. म्हणून मी 'वस्तूने अडवलेल्या जागेत मावलं असतं ते पाणी' म्हणतो.

दर्यावर्दी
अगदी बरोबर. सुक्या गोदीत हेच होतं. दुरुस्ती संपली की पाणी सोडतात. जहाज आणि गोदीच्या भिंती यांच्यात अंतर थोडंसंच, तरी अख्खं जहाज उचललं जातं.

बंड्या_नागपूर
हे पटत नाही. उद्या 85 मिली घेऊन करून बघतो.

जुना_मास्तर
जरूर करा. पेटी तिरपी होऊन भिंतीला टेकली तर निकाल फसतो. चारी बाजूंना फट सारखी राहिली का, ते आधी बघा.

पुरणपोळी_आणि_मी
मास्तर, मग पुरी? तेलात टाकली की आधी खाली जाते, टम्म फुगली की वर. तिचं वजन तर वाढत नाही.

जुना_मास्तर
वाढत नाहीच. वाफेने फुगली की ती जास्त तेलाची जागा अडवते. न फुगलेली पुरी हा आमचा लोखंडी ठोकळाच.

शुद्धमती
'जागा अडवणे' म्हणजे अतिक्रमण वाटतं. 'व्यापणे' म्हणा.

मीनल_अनुवाद
आज संच पाठवायचा होता. तूर्त 'नौकेने सारलेल्या पाण्याचं वस्तुमान 45,000 टन' असं केलं. लेकीने वरचं सगळं वाचलं आणि आता विचारतेय, "सुक्या गोदीत सारलं कुठे?"

धरणकाठ
'गोदी' हा शब्द 'गोद'वरून आला असेल का? जहाजाला मांडीवर घेतल्यासारखं...

शुद्धमती
ते असं खात्रीने सांगता येणार नाही. त्यावर वेगळा धागा काढा, मी येते.