मार्गदर्शन मागताना स्वतः शोधलेली एक त्रुटी लिहा

«सहा वर्षे बॅकएंड लिहितो आहे, आता सुरक्षेकडे वळायचे आहे. एका ज्येष्ठ तज्ज्ञांना ‘मार्गदर्शन कराल का?’ असे विचारले, पण उत्तर नाही. काय लिहायला हवे होते?»

एवढ्याशा प्रश्नावर त्यांना नेमके काय सांगावे हेच कळत नाही. तुमच्या सहा वर्षांच्या कामातली, स्वतः शोधून दुरुस्त केलेली एक त्रुटी लिहा आणि तिच्यातून उरलेला प्रश्न विचारा.

मी असे लिहिले होते: आमच्या बिलांच्या सेवेत `/invoices/1042` मधला आकडा १०४३ केला की दुसऱ्याच ग्राहकाचे बिल उघडत असे, कारण लॉगिन तपासले जाई, पण बिल कोणाचे आहे हे तपासले जात नसे. दुरुस्ती क्वेरीतच केली:

```sql
WHERE id = ? AND customer_id = ?
```

तरी महिन्याभराने तीच चूक पीडीएफ डाउनलोडच्या मार्गात सापडली, म्हणून ‘अशा जागा एकही न सुटता कशा शोधाव्यात?’ एवढेच विचारले. उत्तर आले, आणि ते आजही कामी येते: आयडी घेणाऱ्या सगळ्या एंडपॉइंटची यादी करा आणि प्रत्येकावर एका खात्याच्या टोकनने दुसऱ्या खात्याची नोंद मागून पाहा, ४०३ किंवा ४०४ ऐवजी २०० आले, तर तिथे त्रुटी आहे.

मात्र त्रुटी दुरुस्त झाल्यावर आणि वरिष्ठांच्या परवानगीनेच लिहा, आणि परक्या संकेतस्थळावर न विचारता केलेली चाचणी ‘अनुभव’ म्हणून कधीही सांगू नका.