निधी कंपनी ही ‘सरकारमान्य छोटी बँक’ आहे का?

पेठकर (मूळ मत)
आमच्या तालुक्याच्या गावी वर्षभरापूर्वी एक निधी कंपनी सुरू झाली. केंद्र सरकारचे नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले आहे, शंभर रुपयांचे शेअर घेतले की सभासद होता येते आणि ठेवीला राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा चांगले व्याज मिळते. शिवाय दुकानासाठी केवळ सहीवर दहा लाखांचे कर्ज देऊ, असे व्यवस्थापक म्हणतात. ही सरकारमान्य छोटी बँकच आहे. मग लोक उगाच का बिचकतात?

जुना हिशेबनीस
बावीस वर्षे कंपन्यांचे हिशेब तपासत असल्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. भिंतीवरचा कागद हा कंपनी जन्मल्याचा दाखला आहे. तिला केंद्र सरकारने ‘निधी’ म्हणून, म्हणजे केवळ सभासदांकडून ठेवी घेऊन सभासदांनाच कर्ज देणारी कंपनी म्हणून घोषित केले आहे, हे त्यावरून मुळीच सिद्ध होत नाही. 2014 ते 2019 या काळात अशा दहा हजारांहून अधिक कंपन्या नोंदल्या गेल्या आणि घोषणेसाठी एनडीएच-4 हा अर्ज केला तो सुमारे 2,300 कंपन्यांनीच. त्यांतले तपासून झालेले 348 अर्ज पाहून कंपनी मंत्रालयानेच ऑगस्ट 2021 मध्ये सांगितले, की एकही कंपनी अटी पूर्ण करू शकली नाही. त्यानंतर, एप्रिल 2022 मध्ये, नियम कडक झाले. आता नव्या कंपनीने 120 दिवसांत निदान 200 सभासद आणि 20 लाखांचा स्वनिधी दाखवून अर्ज करायचा आणि घोषणा हाती येईपर्यंत ठेवी घ्यायच्या नाहीत. तुमची कंपनी वर्षभरापूर्वीची म्हणता, म्हणजे हे सारे तिला लागू आहे. तेव्हा दाखला पाहू नका, घोषणा मागा.

आणि ते सहीवरचे दहा लाख! निधीला विनातारण कर्ज देताच येत नाही. सोने-चांदी, स्थावर मालमत्ता, स्वतःच्या ठेवीची पावती, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, सरकारी रोखे किंवा विमा पॉलिसी यांवरच कर्ज मिळते. रकमेलाही मर्यादा आहे. एकूण ठेवी दोन कोटींच्या आत असतील, तर एका सभासदाला दोन लाखांपर्यंत आणि दोन ते वीस कोटींच्या दरम्यान असतील, तर साडेसात लाखांपर्यंत. मागची तीन वर्षे सलग नफा नसेल, तर याच्या निम्मे. एका वर्षाच्या कंपनीला तीन वर्षांचा नफा कोठून असणार? म्हणजे ठेवी दोन ते वीस कोटींच्या दरम्यान असल्या, तरी ती तुम्हाला पावणेचार लाखांपलीकडे देऊ शकत नाही, तेही तारणावर. जो व्यवस्थापक दहा लाखांची भाषा करतो, त्याने एक तर नियम वाचलेले नाहीत किंवा ते पाळण्याचा त्याचा विचार नाही.

जागरूक ग्राहक
एवढे कशाला? रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी नाही, म्हणजे सगळ्या निधी कंपन्या बेकायदाच आहेत. ठेवीला पाच लाखांचे विमासंरक्षणही नाही.

जुना हिशेबनीस
दुसरे वाक्य बरोबर आहे, पहिले चूक आहे. या नोंदणीतून निधीला रिझर्व्ह बँकेनेच सूट दिलेली आहे.

चेन्नईवासी
सर्वांना एका काठीने हाकू नये, एवढीच विनंती आहे. मी एकोणीस वर्षे चेन्नईत राहतो. येथील मैलापूर हिंदू परमनंट फंड 1872 पासून आहे आणि आमच्या शेजारपाजारी निधीत सोने ठेवून मुलांची शुल्के भरणे ही लाजेची गोष्ट समजली जात नाही. दागिन्याच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत, एक वर्षाच्या मुदतीने कर्ज मिळते आणि व्याजालाही लगाम आहे : ठेवीवर देऊ केलेल्या सर्वोच्च दराच्या वर फार तर साडेसात टक्के. सावकारापेक्षा हे केव्हाही बरे. महाराष्ट्रात ही परंपरा रुजली नाही म्हणून तिलाच फसवणूक म्हणणे अन्यायाचे आहे.

जुना हिशेबनीस
परंपरेला मी नावे ठेवलेली नाहीत. परंपरेचे नाव घेऊन परवा उघडलेल्या दुकानांविषयी मी बोलतो आहे.

भाजीबाजार
माझे ऐका, मग परंपरा सांगा. एका निधीचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी गाळ्यावर येई. दिवसाला 200 रुपये याप्रमाणे चौदा महिन्यांत साधारण 80,000 रुपये मी त्याच्या हाती दिले. एक दिवस तो यायचा बंद झाला. कार्यालयात गेलो, तर उत्तर मिळाले, की तो आमचा माणूस नव्हे आणि तुम्ही आमचे सभासदही नाही. माझ्याजवळ त्यांच्याच नावाचे छापील कार्ड आहे, त्यावर एजंटच्या सह्या आहेत. शेअर प्रमाणपत्र मला कधी कोणी दिलेच नाही.

जुना हिशेबनीस
म्हणूनच मी पिग्मीच्या नावाने कपाळाला हात लावतो. ठेवी गोळा करण्याबद्दल दलाली किंवा प्रोत्साहनपर रक्कम देण्यास निधीला साफ मनाई आहे. मग एजंट कागदोपत्री ‘पगारी’ होतो किंवा तो कागदावर नसतोच आणि अडचण आली, की त्याला नाकारणे सोपे जाते. तुमची रक्कम सभासद न करताच घेतली असेल, तर चूक त्यांची आहे. बचत किंवा आवर्ती खात्यासाठीसुद्धा दहा रुपयांचा निदान एक शेअर तुमच्या नावे हवा होता. ते कार्ड जपून ठेवा आणि पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे 1999 च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली लेखी तक्रार द्या. कंपनी निबंधकांनाही प्रत पाठवा.

माजी पिग्मी एजंट
कपाळाला हात लावायला काय जाते? बारा वर्षे मी उन्हापावसात बाजार पायी तुडवला (पतसंस्थेसाठी, निधीसाठी नव्हे) आणि एक रुपयाचा हिशेब चुकला नाही. बँका ज्या माणसाच्या दारात उभ्या राहत नाहीत, त्याच्याकडे रोज आम्हीच जातो. दलाली नको म्हणता, तर चप्पल कोणी घेऊन द्यायची?

जुना हिशेबनीस
पतसंस्थेचा कायदा वेगळा आहे. तेथे तुम्ही नियमात असाल, येथे नसता. तुमच्या प्रामाणिकपणाने नियम बदलत नाही.

माजी पिग्मी एजंट
नियम करणाऱ्याने एकदा गाळ्या-गाळ्यावर हिंडून पाहावे, इतकेच म्हणतो.

भाजीबाजार
तुमचे भांडण चालू द्या. माझे 80,000 कोण देणार, ते मात्र कोणी बोलत नाही.

मंदिर खजिनदार
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या विश्वस्त संस्थेचे तीन लाख पडून आहेत. ते चांगल्या व्याजाने निधीत ठेवता येतील का?

जुना हिशेबनीस
नाही. विश्वस्त संस्था किंवा कंपनी निधीची सभासद होऊ शकत नाही आणि सभासद नसलेल्याकडून ठेव घेता येत नाही.

मंदिर खजिनदार
मग सचिवांच्या वैयक्तिक नावे ठेवू.

जुना हिशेबनीस
तसे केलेत, तर निधी बुडण्याची वाट पाहावी लागणार नाही. धर्मादाय आयुक्तच आधी विचारतील.

पेठकर
आपला सूर मला रुचलेला नाही, तरीही आज कार्यालयात जाऊन घोषणेचा कागद मागितला. ‘अर्ज केलेला आहे, येईलच’ असे उत्तर मिळाले. ठेवी मात्र वर्षभर घेतल्या जात आहेत. चौकात ‘ठेवींवर आकर्षक व्याज’ असा फलकही लागलेला आहे. फलकाविषयी काही नियम आहे का, की तेवढी तरी मोकळीक आहे?

जुना हिशेबनीस
ठेवी मागणारी जाहिरात करता येत नाही. केवळ सभासदांमध्ये खाजगीरीत्या वाटण्यासाठीचे पत्रक चालते, चौकातला फलक नव्हे. त्याचे छायाचित्र काढून ठेवा.

चेन्नईवासी
हे मात्र मला मान्य करावे लागते. आमच्याकडच्या जुन्या निधींच्या दारावरही असा फलक मी पाहिलेला नाही.

पेठकर
छायाचित्र काढले. माझी चाळीस हजारांची ठेव मार्चपर्यंत आहे. मुदतीआधी मोडली, तर व्याज कापतील असे म्हणतात.

भाजीबाजार
व्याज कापू द्या.