विषय: बाबांचं हॉस्पिटलचं बिल, ५ तारखेला दोन खाटा?

प्रेषक: मेधा

नमस्कार मंडळी,

बाबा दादरच्या एका खाजगी रुग्णालयात न्यूमोनियासाठी दाखल आहेत. ३ जूनला रात्री १०.४० ला अ‍ॅडमिट केलं, आयसीयूत ठेवलं, ५ तारखेला दुपारी ४ वाजता ट्विन शेअरिंगमध्ये हलवलं. उद्या, ९ तारखेला, डिस्चार्ज आहे. दादाने आत्ता इंटरिम बिलाचे फोटो पाठवलेत. खाटांचा हिशोब असा आहे:

आयसीयू, ३ ते ५ जून, ३ दिवस, ९,००० प्रमाणे
ट्विन शेअरिंग, ५ ते ९ जून, ५ दिवस, ४,५०० प्रमाणे

नर्सिंग आणि आरएमओचे पैसेही त्याच दिवसांप्रमाणे लावलेत. मला हे जास्त वाटतंय, पण दादा म्हणतो, "बिलिंगवाले म्हणतात सिस्टीमच तसं घेते." पॉलिसी कॅशलेस आहे, १० टक्के को-पे. उद्या सकाळी दादाने काउंटरवर नक्की काय विचारायचं?

मेधा

---

प्रेषक: सुहास

मेधा,

दोन मुद्दे. डिस्चार्जच्या दिवसाचे पैसे कोणतंही हॉस्पिटल लावू शकत नाही, त्यामुळे ९ तारीख उडवायला सांग. आणि आयसीयू ९,००० रुपये आहे म्हणजे ५,००० च्या वर, त्यावर ५ टक्के जीएसटी लागणारच. बिलात तो नसेल तर फायनलमध्ये येईल, तयारी ठेवा.

सुहास

---

प्रेषक: आनंद

माझ्या सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी टीपीएने रूमच्या दरामुळे सगळ्याच बिलात प्रमाणशीर कपात केली होती. मेधा, आधी पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा किती आहे ते बघ. बाकी कॅशलेस असेल तर बिल तपासून काय मिळणार, पैसे कंपनीच देणार ना?

---

प्रेषक: शुभदा

मेधा,

तुझा संशय बरोबर आहे. दर, नियम, पॉलिसी सगळं क्षणभर बाजूला ठेव आणि फक्त मोज. तीन अधिक पाच, आठ खाट-दिवस. मध्यरात्री खाटेवर कोण आहे ते मोजायची पद्धत असेल तर ३, ४, ५, ६, ७, ८ अशा सहा रात्री होतात. दाखल केल्यापासून चोवीस तासांचे दिवस धरले तरी ९ तारखेच्या दुपारपर्यंत सहाच. कॅलेंडरच्या तारखा मोजल्या, डिस्चार्जचा दिवसही धरला, तर सात. आठ कुठल्याच पद्धतीने येत नाहीत. त्यामुळे "सिस्टीम घेते" हे उत्तर दादाने ऐकून घेऊ नये. एकच प्रश्न विचारावा: तुमच्या टॅरिफप्रमाणे दिवस कसा मोजता ते छापील दाखवा.

हे होतं कसं तेही सांगते, म्हणजे पुढे काय शोधायचं ते कळेल. खाटेचे पैसे सॉफ्टवेअर आपोआप चढवतं. रुग्ण हलवला की वॉर्डची सिस्टर नवीन खाटेवर एंट्री करते, पण आयसीयूकडून जुनी खाट बंद व्हायची राहते किंवा उशिरा होते. तेवढा वेळ रुग्ण कागदोपत्री दोन ठिकाणी झोपलेला असतो. खाटेबरोबर जे जे आपोआप चालतं, म्हणजे नर्सिंग, आरएमओ, मॉनिटर, तासावरचा ऑक्सिजन, तेही दोन्हीकडे चालू राहतं. म्हणून तारीखवार बिल मागा आणि आधी फक्त ५ जूनचं पान वाचा. बाकीच्या पानांवर चुका असतील, पण इथे सापडायची शक्यता सर्वांत जास्त.

आता ५ तारखेची कुठली खाट कापायची? इथे रुग्णालयागणिक नियम वेगळा. काही जण त्या दिवशी वरच्या वर्गाचा दर लावतात, म्हणजे आयसीयू राहील आणि ट्विन शेअरिंगचा एक दिवस जाईल. काही जण मध्यरात्री जिथे रुग्ण असेल ती खाट धरतात, मग आयसीयूचा दिवस जाईल. दुसऱ्या पद्धतीत तुमचे जास्त पैसे वाचतात, पण टॅरिफमध्ये पहिली लिहिली असेल तर तीच चालेल. महाराष्ट्रात शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांपासून दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. काउंटरवरचा माणूस तोंडी सांगत असेल तर त्या फलकाचा फोटो काढून आणा.

सुहास, डिस्चार्जच्या दिवसाचं तुझं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. बरीच रुग्णालयं ठरावीक वेळेआधी खाट सोडली तर दिवस लावत नाहीत, नंतर अर्धा किंवा पूर्ण लावतात. हा त्यांच्या टॅरिफचा भाग आहे, सरसकट मनाई नाही. आणि ५,००० च्या वरच्या खोलीवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे खरा, पण आयसीयू, सीसीयू, एनआयसीयू त्यातून वगळलेले आहेत. ट्विन शेअरिंग ४,५०० म्हणजे मर्यादेच्या आत. थोडक्यात, या बिलात खाटेवर जीएसटीची ओळ दिसली तर तीच चूक.

आनंदराव, कॅशलेस असलं तरी १० टक्के मेधाच्या घरातूनच जाणार, शिवाय जादा रकमेने बाबांची वर्षाची विमा रक्कम तेवढी कमी होते. रूम रेंटची मर्यादा बघायला हवी हे मात्र खरं.

शुभदा

---

प्रेषक: मेधा

शुभदाताई, ५ तारखेचं पान आलं. त्यावर मला खटकलेलं:

१) सीबीसी दोनदा.
२) "इलेक्ट्रोलाइट्स" एकदा, खाली सोडियम, पोटॅशियम वेगळे.
३) ऑक्सिजन रात्री १२ पर्यंत, तासाला १५० प्रमाणे. दादा म्हणतो आयसीयूतून बाहेर आणायच्या आधीच काढला होता.
४) अँटिबायोटिकचं इंजेक्शन. पूर्ण मुक्कामात १८ व्हायल, रिटर्न ३.
५) रात्री १२.१० ची एक तपासणी, जिचा रिपोर्ट ४ तारखेचा आहे.

---

प्रेषक: शुभदा

पाचवं आधी सोडून दे. नमुना ४ ला रात्री पावणेबाराला घेतला आणि लॅबने तो नोंदवला मध्यरात्रीनंतर. बिलात नोंदीची तारीख येते, रिपोर्टवर नमुन्याची. तारखा जुळत नाहीत एवढ्यावरून काउंटरवर वाद घातला की खरे मुद्देही त्यांच्या नजरेत हलके होतात. ती तपासणी ४ आणि ५ दोन्ही पानांवर असेल तरच बोल.

सीबीसीच्या दोन्ही रिपोर्टांवरचा नमुना क्रमांक बघ. वेगळे असतील तर रक्त खरंच दोनदा घेतलं. हलवण्याच्या दिवशी हे बऱ्याचदा होतं, सकाळी आयसीयूचे डॉक्टर सांगतात आणि संध्याकाळी वॉर्डातले. गरज होती का हा प्रश्न डॉक्टरांना विचार, बिलिंगला नाही. सोडियम-पोटॅशियमचं मात्र उलट. तिन्ही ओळींचा नमुना क्रमांक एकच असेल तर एकाच तपासणीचे दोनदा पैसे लावलेत, कारण इलेक्ट्रोलाइट्समध्ये ते दोन्ही येतातच.

ऑक्सिजनसाठी नर्सिंग चार्ट लागेल. त्यात ऑक्सिजन बंद केल्याची वेळ लिहिलेली असते. दादाने काउंटरवर न जाता आधी वॉर्डच्या सिस्टर इन-चार्जना विचारावं.

व्हायलचा हिशोब ड्रग चार्टवरून कर. प्रत्येक डोससमोर वेळ आणि सही असते. सह्या मोज, ऑर्डर मोजू नकोस. ऑर्डर "दर ८ तासांनी" असली तरी एखादा डोस राहिलेला किंवा थांबवलेला असतो. १८ उणे ३ म्हणजे १५ व्हायलचे पैसे लागलेत. सह्या १५ पेक्षा कमी निघाल्या तर बाकीच्या कुठे आहेत ते शोधायचं. माझा अंदाज, आयसीयूच्या औषधाच्या डब्यात. हलवताना डबा रुग्णाबरोबर जायला हवा, तो मागे राहतो आणि वॉर्ड नवीन इंडेंट टाकतो.

चार्टची प्रत हवी असेल तर लेखी मागा, डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायची असते. पण डिस्चार्जआधी ती हातात येईलच असं नाही, म्हणून सिस्टरसमोर बसून मोजणं बरं. आणि हे सगळं आज रात्रीच उरकायला सांग. फायनल बिल टीपीएकडे गेल्यावर दुरुस्ती निघाली की ते परत उघडतात, पुन्हा पाठवतात, पुन्हा मंजुरी. दुपार तिथेच संपते.

---

प्रेषक: मेधा

दादाने सिस्टरबरोबर बसून मोजलं. ३ ला रात्री ११ चा १ डोस, ४, ५, ६ ला तीन-तीन, ७ ला दोन, मग गोळी सुरू. एकूण १२ सह्या. म्हणजे ३ व्हायल जादा, ५४० प्रमाणे १,६२०. ऑक्सिजन ५ ला सकाळी ११ ला बंद, बिल रात्री १२ पर्यंत, १३ तासांचे १,९५०. सोडियम, पोटॅशियम, इलेक्ट्रोलाइट्स तिन्हींचा नमुना क्रमांक एकच. सीबीसीचे वेगळे, ते सोडलं.

टॅरिफच्या फलकावर लिहिलंय: हलवल्याच्या दिवशी वरच्या वर्गाचा दर, दुपारी १२ नंतर डिस्चार्ज झाल्यास अर्धा दिवस. म्हणजे ५ तारखेची ट्विन शेअरिंग जाईल, ४,५०० अधिक नर्सिंग ७०० अधिक आरएमओ ६००, एकूण ५,८००. हे बिलिंगने मान्य केलं, ऑक्सिजनही. व्हायल मात्र फार्मसी परत घेत नाही. म्हणते, ४८ तास उलटून गेले.

---

प्रेषक: सुहास

मग ९ तारखेला १२ च्या आत बाहेर पडा. टीपीएला उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचं काय?

---

प्रेषक: शुभदा

सुहास, चांगला प्रश्न. आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची विनंती आल्यापासून विमा कंपनीने तीन तासांत अंतिम मंजुरी द्यायची. त्यापुढच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे, रुग्णाने नाही. त्यामुळे दादाने टीपीए डेस्ककडून विनंती पाठवल्याची वेळ लिहून घ्यावी. उशीर रुग्णालयाच्या बिलिंगचा असेल तर हे लागू नाही, तिथे भांडावंच लागेल.

मेधा, व्हायलचं फार्मसीशी बोलू नका. रिटर्नची मुदत हा त्यांचा आतला नियम आहे. त्या कधी तुमच्या हातात आल्याच नाहीत, तर तुम्ही वेळेत परत करणार कशा? सिस्टरकडून १२ डोसचा आकडा सहीनिशी लिहून घ्या आणि बिलिंग मॅनेजरकडे द्या. फ्रिजमधलं किंवा सील उघडलेलं औषध परत घेत नाहीत हे समजू शकतं, पण त्या तीन सीलबंद आहेत का, आणि मुळात आहेत कुठे, ते आधी आयसीयूला विचारायला सांग.

---

प्रेषक: मेधा

दोन मिळाल्या, सीलबंद. आयसीयूच्या डब्यात, बाबांच्या नावाचं लेबल लावलेल्या. तिसरीचा पत्ता नाही. मॅनेजर दोनचे पैसे वळते करायला तयार आहेत, तिसरीसाठी म्हणतात "फुटली असेल". फुटली तर ती रुग्णाच्या नावावर का, हे विचारायला दादा आत्ता परत खाली गेलाय.