अनुभव धागा: फेलोशिप हा पगार नव्हे, मग नेमकं काय?

रंकाळ्याकडची: गेल्या आठवड्यात घरी पाहुणे आले होते. मामांनी विचारलं, "किती मिळतात गं तुला?" मी सांगितलं, एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ संशोधन फेलोशिपचे, ४२ हजार आणि वर घरभाडं. ते म्हणाले, "मग चांगल्या नोकरीतच आहेस की! टॅक्सबी नाही, दरवर्षी वाढबी मिळत असेल." जेवणं होईपर्यंत त्यांना समजावत बसले, तरी पटलं नाही.

मी शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करते. जुलै २०२१ मध्ये यूजीसीची जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलो, म्हणून रुजू झाले तेव्हा ३१ हजार मिळायचे. जानेवारी २०२३ पासून दर ३७ हजार झाला आणि त्याच वर्षी जुलैत दोन वर्षं पूर्ण झाल्यावर एसआरएफ होऊन ४२ हजार झाले. एका वर्षात ११ हजार वाढले म्हणून घरच्यांना वाटलं की हे असंच चालत राहणार. तिथून आजपर्यंत एक रुपयाही वाढलेला नाही.

ज्यांनी फेलोशिप घेतली किंवा नोकरी सोडून इकडे आले त्यांनी आपले आकडे आणि अनुभव लिहा. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. वाढ खरंच कशी होते? आणि करमुक्त असण्याचा फायदा पीएफ नसण्याच्या तोट्याला पुरतो का?

भाऊसिंगजी रोड: वाढ होते की. सरकारी माणसाचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, त्याप्रमाणे फेलोशिपचं घरभाडंही वाढतं. माझ्या चुलतभावाचं वाढलं होतं. आणि टॅक्सचं म्हणाल तर फेलोशिप म्हणजे शिष्यवृत्ती, ती कायम करमुक्त. यात विचारण्यासारखं काही नाही.

जुना एसआरएफ: भाऊसिंगजी, निम्मं बरोबर आहे. फेलोशिपला महागाई भत्ता लागू नाही. घरभाड्याची टक्केवारी केंद्राच्या दराप्रमाणे ठरते. महागाई भत्त्याने एखादा टप्पा ओलांडला तर ती टक्केवारी कधीतरी एकदा बदलते, दर सहा महिन्यांनी नाही. घरभाड्यासाठी केंद्राने शहरांचे वर्ग केलेत, त्यात कोल्हापूर वाय वर्गात आहे. १८ टक्के धरले तर ३७ हजारांवर ६,६६० आणि ४२ हजारांवर ७,५६० होतात. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिलात तर तेही नाहीत.

मूळ रकमेचा इतिहास बघा. एप्रिल २०१० पासून जेआरएफला १६ आणि एसआरएफला १८ हजार, डिसेंबर २०१४ पासून २५ आणि २८ हजार, जानेवारी २०१९ पासून ३१ आणि ३५ हजार, जानेवारी २०२३ पासून ३७ आणि ४२ हजार. मधल्या चार-चार वर्षांत काही नाही. माझी साडेचार वर्षं दोन वाढींच्या मधल्या काळात गेली, त्यामुळे मला एसआरएफ होण्याची एकच उडी मिळाली. २०१४ आणि २०१९ च्या वाढीआधी देशभर संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते, हेही लक्षात ठेवायला हवं. नोकरीत वार्षिक वाढ नियमात लिहिलेली असते. इथे ती सरकारच्या निर्णयावर आहे.

आणि ती उडीही आपोआप मिळत नाही. दोन वर्षं झाली की बाहेरच्या तज्ज्ञासह तीन जणांची समिती तुमचं काम बघते. तिचा अहवाल पुढे गेल्यावर दर बदलतो. माझी समिती बसायलाच उशीर झाला. फरक नंतर एकरकमी मिळाला, पण तोवर जेआरएफच्याच दरावर दिवस काढले.

कागलची आई: माझा मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत अप्रेंटिस आहे, त्यालाही स्टायपेंड मिळतो. त्याचा पीएफ कापत नाहीत. कंपनी फसवते आहे का?

जुना एसआरएफ: ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण सांगतो. अप्रेंटिस कायद्याखाली घेतलेला मुलगा पीएफच्या कायद्यात कर्मचारी धरला जात नाही, त्यामुळे पीएफ न कापण्यात गैर नाही. त्याचा करार त्या कायद्याखाली नोंदवलेला आहे ना, तेवढं बघून घ्या. नोंद नसेल आणि कामगारासारखंच काम करून घेत असतील तर मात्र विचारा.

लक्ष्मीपुरीतला कर सल्लागार: माझ्याकडे दरवर्षी विद्यापीठातली काही मुलं येतात. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०(१६) खाली शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त आहे. यूजीसीची फेलोशिप त्यात बसते असंच धरलं जातं. पण मामांना सांगा, या आकड्यावर करमुक्तीचा फायदा शून्य रुपये आहे.

४२ हजार आणि ७,५६० मिळून महिना ४९,५६०, म्हणजे वर्षाचे ५,९४,७२०. हाच पगार असता तर ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ५,१९,७२० उरले असते. २०२५-२६ मध्ये नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्यच होतो. शेजारचा नोकरदारही काही भरत नाही, तुम्हीही काही भरत नाही. वाचलं काय?

करमुक्ती खरी कामाला येते ती फेलोशिप संपून नोकरी लागते त्या वर्षी. माझी एक अशील आहे. तिची फेलोशिप जुलै २०२५ मध्ये संपली आणि ऑगस्टपासून परगावच्या औषध कंपनीत महिना १ लाख ४० हजारांवर लागली. आठ महिन्यांचा पगार ११,२०,०००. वजावट जाऊन १०,४५,००० राहतात आणि कर शून्य. कंपनीच्या एचआरने तिला आधीच्या कंपनीचा फॉर्म १६ मागितला. तो नाही म्हटल्यावर ते एप्रिल ते जुलैचे फेलोशिपचे १,९८,२४० आधीचा पगार म्हणून जोडायला निघाले. तसं केलं असतं तर उत्पन्न १२,४३,२४० झालं असतं. १२ लाखांच्या वर गेलेले ४३,२४० कर म्हणून आणि त्यावर उपकर, असे जवळजवळ ४५ हजार भरावे लागले असते. मी विद्यापीठाकडून फेलोशिपचं प्रमाणपत्र घ्यायला लावलं, आदेशाची प्रत जोडली आणि हे वेतन नाही असं लेखी कळवलं. विवरणपत्रात ती रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवायची, लपवायची नाही. बचत खात्याचं व्याज मात्र करपात्रच.

सागरमाळ: मग माझं काय? मी प्रोजेक्टवर होतो. जाहिरातीत 'प्रोजेक्ट फेलो', आदेशात 'एकत्रित मानधन', आणि बँकेत यायचे ते १० टक्के कापून. कापलेल्या कराची नोंद असते त्या २६एएसमध्ये बघितलं तर कलम १९४जे, म्हणजे मी जणू कुणीतरी व्यावसायिक. पीएचडीची नोंदणीही त्याच विषयात होती.

लक्ष्मीपुरीतला कर सल्लागार: इथेच भाऊसिंगजींचं 'कायम करमुक्त' थांबतं. नाव फेलो असलं तरी आदेश काय म्हणतो ते बघावं लागतं. ठरलेलं काम, हजेरी, संस्थेला अहवाल, एक महिन्याची नोटीस असं असेल तर खातं ते कामाचा मोबदला मानू शकतं. तुमच्या शिक्षणाला मदत म्हणून दिलं असेल तर शिष्यवृत्ती. तुमच्या प्रकरणात दोन्हींची खिचडी आहे. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळेल, तुमचं उत्पन्न मर्यादेतच होतं. पण ती रक्कम कलम १०(१६) मध्ये दाखवावी का, यावर माझ्या ओळखीचे दोन सीए दोन मतं देतात.

सागरमाळ: परतावा मिळाला. पण संस्थेने मला शेवटपर्यंत ना कर्मचारी मानलं ना विद्यार्थी. ग्रंथालयाचं कार्ड मागायला गेलो की कर्मचारी, रजा मागायला गेलो की विद्यार्थी.

गोकुळ शिरगावचा केमिस्ट: मी कंपनी सोडून जेआरएफ घेतली, म्हणून हिशेब देतो. कंपनीत २२ हजार होते, त्यात बेसिक १५ हजार. कंपनीचा पीएफचा वाटा महिना १,८००, पाच वर्षांत १,०८,०००. त्या १,८०० मधले १,२५० पेन्शन फंडात जातात आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. माझी ही पाच वर्षं त्यात धरली जाणार नाहीत. पाच वर्षांनी ग्रॅच्युइटी मिळाली असती १५ हजार गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे ४३,२६९. दोन्ही मिळून दीड लाखाच्या वर, महिन्याला अंदाजे अडीच हजार. व्याज यात धरलेलं नाही.

फेलोशिप ३७ हजार आणि घरभाडं मिळून ४३,६६०. म्हणजे अडीच हजार सोडूनही मी पुढेच आहे. तेवढे दर महिन्याला पीपीएफमध्ये टाकतो, माझा पीएफ मीच भरतो म्हणा. पण हिशेबात न बसणारी गोष्ट वेगळीच. वाहनकर्जाला बँकेत गेलो तर पगारपत्रक मागितलं. आदेश दाखवला, खात्यात दरमहा जमा होते ते दाखवलं. साहेब म्हणाले, "ही नोकरी नव्हे." वडिलांना सहकर्जदार करून काम झालं. आजारी पडलो तर वेगळी वैद्यकीय मदतही नाही, स्वतःचा विमा काढावा लागला.

पन्हाळ्याची लेक: तुम्हाला दरमहा जमा होते, हेच मला हेवा वाटण्यासारखं आहे. मी राज्यातल्या एका संस्थेची फेलोशिप घेते, नाव घेत नाही. तीन-चार महिन्यांची रक्कम एकदम येते आणि कधी येईल ते कुणी सांगत नाही. खोलीमालकीण राजारामपुरीतली, तिला दर पाच तारखेला भाडं लागतं. मेसवाल्या काकूंनी उधारी ठेवली म्हणून निभावलं. आकडा तोच असला तरी हातात येण्याची तारीख नसेल तर त्याला पगाराशी तोलता येत नाही.

जुना एसआरएफ: यूजीसीतही तारीख पक्की नाही. विद्यापीठात मेकर आणि चेकर असे दोघे दर महिन्याला पोर्टलवर तुमची पुष्टी करतात. एकाने केली आणि दुसरा रजेवर गेला की तो महिना अडकतो. पैसे आले नाहीत तर आधी विभागात जाऊन पुष्टी कुठवर झाली आहे ते विचारा, मग बँकेत आधार जोडलेलं खातं तेच आहे का बघा. बहुतेक वेळा यातलंच एक काहीतरी निघतं.

कसबा बावड्याची: मिळतं ते पण लिहू दे. मला बाळ झालं तेव्हा प्रसूती रजा मिळाली आणि फेलोशिप सुरू राहिली. पीएचडीच्या नियमांत पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत अशी रजा आहे. विभागात कुणालाच माहीत नव्हतं, नियमाची प्रत छापून नेली.

रंकाळ्याकडची: सगळ्यांचे मनापासून आभार. मामांना केमिस्टदादांचा हिशेब वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग पाच वर्षांनी काय?" तेच माझं दुखणं आहे. जुलै २०२६ ला पाच वर्षं संपतात. प्रबंध त्याआधी जमा केला तर फेलोशिप त्या दिवशी थांबते, नाही केला तरी जुलैत थांबतेच. व्हायवा होईपर्यंत हातात काहीच नाही. तासिका तत्त्वावरच्या जागा जून-जुलैत भरतात, आणि फेलोशिप चालू असताना दुसरं मानधन घेता येत नाही. म्हणजे मे अखेरीला प्रबंध देऊन दोन महिन्यांचे ९९ हजार सोडायचे आणि तासिकेसाठी मोकळं व्हायचं, की जुलैपर्यंत थांबून ते वर्ष घालवायचं? ज्यांनी हे निभावलं त्यांनी सांगा.

जुना एसआरएफ: मी जुलैपर्यंत थांबलो होतो. तासिका पुढच्या वर्षीच मिळाली. मधले महिने सरांच्या प्रोजेक्टवर काढले.

सागरमाळ: मी असतो तर मेमध्येच दिला असता. पण माझ्याकडे सोडायला ९९ हजार नव्हते.