मदत हवी आहे: केस पेपरवर 'इव्हॅल्युएशनसाठी अ‍ॅडमिट' लिहिलंय म्हणून आईचा क्लेम नाकारला (सातारा)

कोरेगावकर_सचिन

नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची, शुगरच्या गोळ्या बारा वर्षांपासून चालू. गेल्या महिन्यात दोन दिवस जुलाब-उलट्या आणि ताप. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या आणि ओआरएस दिलं, पण पाण्याचा घोटसुद्धा पोटात टिकेना. रात्री साडेअकराला गाडी काढून साताऱ्यात एका खाजगी दवाखान्यात नेलं. तीन रात्री ठेवलं. बिल ४६,८०० रुपये. पैसे आधी भरले, मग फाईल कंपनीकडे पाठवली. त्यांनी इनडोअर केस पेपर मागवले, दवाखान्याने नऊ पानांच्या झेरॉक्स दिल्या, त्या पाठवल्या.

आता पत्र आलंय. भरतीच्या वेळी रुग्णाची स्थिती स्थिर होती, भरती मुख्यतः तपासणी आणि निदानासाठी होती, हे उपचार ओपीडीत होऊ शकले असते, म्हणून Excl04 खाली क्लेम नामंजूर.

केस पेपर नीट वाचला तर डॉक्टरांनी खरंच तसंच लिहिलंय: "ताप, अशक्तपणा. अ‍ॅडमिटेड फॉर इव्हॅल्युएशन अँड ऑब्झर्वेशन." खाली बीपी ११०/७०, पल्स ९२. पुढच्या तिन्ही दिवशी जवळपास एकच ओळ: तक्रार नाही, व्हायटल्स स्टेबल, सीएसटी.

दवाखान्यातला कारकून म्हणतो, "जुना पेपर घेऊन या, डॉक्टरांकडून नवीन नोट लिहून घेतो." घ्यावी का? आईला त्या रात्री उभं राहता येत नव्हतं हो. दोघांनी धरून आत नेली.

माणदेशी_७१

एवढं कशाला घाबरताय? २४ तासांपेक्षा जास्त अ‍ॅडमिट असेल तर क्लेम द्यावाच लागतो, नियम आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडा, "भरती आवश्यक होती" असं एक वाक्य पुरतं.

वारणाकाठ

माझ्या वडिलांचं सांगलीत असंच झालं. डोकेदुखी होती, दोन दिवस अ‍ॅडमिट करून एमआरआय, रक्त-लघवी सगळं काढलं. रिपोर्ट नॉर्मल, गोळ्या देऊन घरी सोडलं. कंपनीने एक रुपया दिला नाही. या कंपन्या लुटारू आहेत, वेळ घालवू नका. रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले योजनेत बघा.

मिरजवाली_डॉक्टर

मी सहा वर्षं एका टीपीएमध्ये क्लेम तपासायचं काम केलंय, आता मिरजेत प्रॅक्टिस करते. आधी एक गोष्ट: सचिन, नवीन नोट अजिबात घेऊ नका. कंपनीकडे त्या नऊ पानांची प्रत आधीच आहे. त्याच तारखेची, वेगळ्या मजकुराची दुसरी नोट गेली तर प्रश्न भरतीच्या गरजेचा राहणार नाही, कागद बनवल्याचा होईल. त्यातून पॉलिसीसुद्धा जाऊ शकते.

माणदेशी, २४ तासांचं तुमचं अर्धं बरोबर आहे. तेवढा वेळ दवाखान्यात असणं ही अट आहे, पण ती पहिली. दुसरी अट अशी की उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचे असावेत, आणि सुरक्षित उपचारासाठी लागते त्यापेक्षा ते जास्त नसावेत, ना दिवसांनी ना प्रमाणाने. पॉलिसीच्या व्याख्यांच्या पानावर हे जवळपास याच शब्दांत असतं.

वारणाकाठ, रागावू नका, पण तुमच्या वडिलांचा क्लेम आणि सचिनच्या आईचा क्लेम एका जातीचे नाहीत. तुम्ही सांगताय त्यावरून तिथे भरती खरोखर तपासण्यांसाठीच झाली होती. सचिनच्या आईला सलाईन आणि इंजेक्शनं लागली की नाही, ते तिच्या केस पेपरातूनच दाखवावं लागेल.

सचिन, दोन गोष्टी बघून सांगा. त्या भरतीच्या नोटेवर वेळ किती वाजताची आहे? आणि नऊ पानांत नर्सिंग चार्ट आहे का?

कोरेगावकर_सचिन

वेळ सकाळी ९:१५ ची आहे! आम्ही तर रात्री पावणेबाराला पोचलो होतो. नर्सिंग चार्ट नाही. डॉक्टरांच्या नोट्स, औषधांचा कागद आणि रिपोर्ट एवढंच.

मिरजवाली_डॉक्टर

मला वाटलंच. रात्री कॅज्युअल्टीत जो डॉक्टर असतो तो एका कागदावर पटकन लिहून सलाईन लावतो. सविस्तर भरतीची नोट सकाळी राऊंडला दुसरा डॉक्टर लिहितो. तोवर दोन बाटल्या गेलेल्या असतात, बीपी वर आलेलं असतं. तो समोर दिसतं ते लिहितो, ११०/७०. खोटं काहीच नाही, पण तो आकडा भरतीच्या वेळचा नाही. क्लेम तपासणाऱ्याला मात्र 'भरतीची नोट' म्हणून तेवढंच पान दिसतं. माझ्या टेबलावरून अशा कितीतरी फाईली गेल्यात. काही मीच नाकारल्या असतील, हे कबूल करते.

तुम्हाला रात्रीचा कागद शोधायचाय. तो पुष्कळदा केस पेपरच्या फाईलमध्ये नसतो, मेडिकलच्या बिलाला नाहीतर डिपॉझिटच्या पावतीला टाचलेला असतो. आणि दवाखान्याकडे नर्सिंग चार्ट, औषधं दिल्याचा चार्ट, इनटेक-आउटपुटचा कागद लेखी अर्ज देऊन मागा. रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यावं, असा २००२ पासून मेडिकल कौन्सिलचा नियम आहे. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का घ्या.

फिजिशियन_वाई

डॉक्टरांच्या बाजूने एक सांगतो. रात्री ताप आणि उलट्यांचा पेशंट आला की डेंग्यू, टायफॉइड, लघवीचं इन्फेक्शन, साधं गॅस्ट्रो, काय आहे ते आम्हाला माहीत नसतं. निदान नसताना 'फॉर इव्हॅल्युएशन' लिहिणं हा आम्हाला शिकवलेला प्रामाणिकपणा आहे. कंपनीच्या कारकुनासाठी लिहायला कुणी शिकवलं नाही. हल्ली मी 'तोंडाने औषध टिकत नाही, बीपी कमी, सलाईन व इंजेक्शनसाठी आणि किडनीवर लक्ष ठेवण्यासाठी भरती' असं लिहितो. दहा सेकंद जास्त लागतात. पण रात्री दोन वाजता तेही सुचत नाही.

आणि सीएसटीबद्दल: 'तेच उपचार चालू ठेवा' एवढाच त्याचा अर्थ. पेशंट बरा आहे असा नाही. सलाईन चालू असताना सीएसटी म्हणजे सलाईन चालूच.

कोरेगावकर_सचिन

सापडला! मेडिकलच्या बिलाच्या मागे टाचलेला होता. ११:५० ची वेळ. "२ दिवस लूज मोशन्स, उलट्या ८ ते ९ वेळा, ओरली टॉलरेट करत नाही, जीभ कोरडी, बीपी ९०/६०, पल्स ११८." खाली सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन.

नर्सिंग चार्टसाठी अर्ज दिला. आधी "तो दवाखान्याचा अंतर्गत कागद आहे" म्हणाले. ७२ तासांचा नियम सांगितल्यावर चौथ्या दिवशी बोलावून दिला. रात्री १२:१० चं बीपी ९०/६०, दोन वाजता ताप १०२.४. पहाटेपर्यंत लघवी फक्त एकदा, थोडीशी. क्रिएटिनिन पहिल्या रिपोर्टला १.९, सुटीच्या दिवशी १.१. सोडियम १२६. याचा उपयोग होईल का?

मिरजवाली_डॉक्टर

उपयोग? हीच तुमची केस आहे. शुगर असलेली ६१ वर्षांची बाई, पोटात काही टिकत नाही, बीपी ९०, लघवी कमी, क्रिएटिनिन वाढलेलं आणि सलाईननंतर उतरलेलं. तो उतार महत्त्वाचा. किडनीचा जुना आजार असता तर तीन दिवसांत १.९ चं १.१ होत नाही. पाणी कमी पडल्यामुळे किडनीवर ताण आला होता आणि उपचाराने तो गेला, हे कागद स्वतःच बोलतो. याला ओपीडीत गोळ्या देऊन घरी पाठवणं सुरक्षित होतं असं कुणी डॉक्टर सही करून म्हणणार नाही. शिवाय ओपीडीचा प्रयत्न दोन दिवस झालाच होता. गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर जोडा.

आता डॉक्टरांकडून पत्र घ्या, पण आजच्या तारखेचं. त्यात नवीन काही नको. 'रात्री ११:५० च्या कॅज्युअल्टी पेपरनुसार बीपी इतकं, १२:१० च्या नर्सिंग नोंदीनुसार इतकं, म्हणून शिरेतून सलाईन आणि अँटिबायोटिक देण्यासाठी भरती केली. सकाळी ९:१५ ची नोट उपचार सुरू झाल्यानंतरची आहे' असं नोंदींकडे बोट दाखवणारं हवं. माणदेशी म्हणतात तसं 'भरती आवश्यक होती' एवढंच असलेलं सर्टिफिकेट मी बाजूला ठेवायची, कारण ते प्रत्येक फाईलीत असायचं.

एक कटू गोष्टही सांगते. तिसऱ्या दिवसाचा औषधाचा चार्ट बघा. इंजेक्शनं थांबून गोळ्या सुरू झाल्या असतील आणि त्या जेवत असतील, तर त्या रात्रीवर कंपनी बोट ठेवू शकते. बिलात या आजाराशी संबंध नसलेली तपासणी असेल तर ती कापतील, तिथे त्यांचं बरोबर असेल.

कोरेगावकर_सचिन

तिसऱ्या दिवशी दुपारपासून गोळ्याच आहेत. आणि बिलात टूडी इको आहे, २,२०० चा. तो का केला ते मलाही कळलं नव्हतं.

फिजिशियन_वाई

शुगरच्या पेशंटला बीपी पडल्यावर इको करणं अगदीच गैर नाही. पण केस पेपरवर कारण लिहिलेलं नसेल तर भांडायला जागा कमी. तिसऱ्या रात्रीचं म्हणाल तर गोळ्यांवर बारा-चौदा तास लक्ष ठेवून सोडणं मला योग्य वाटतं. डॉक्टरताईंचं मत वेगळं असेल.

मिरजवाली_डॉक्टर

वेगळंच आहे, पण ते इथे नको.

माणदेशी_७१

आणि यावरही नाकारलं तर?

मिरजवाली_डॉक्टर

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जायचं. पत्रात विचारायचं की नकाराला क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी होती का. २०२४ पासून त्याशिवाय नाकारता येत नाही. महिन्यात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत पुण्याच्या विमा लोकपालाकडे. फी नाही, वकील चालत नाही, तुम्हीच बोलायचं. तिथे कागद वेळेच्या क्रमाने लावून न्या, ९:१५ च्या नोटेच्या वर ११:५० चा कागद.

कोरेगावकर_सचिन

डॉक्टरांनी पत्र दिलं, थोडी कुरकुर केली पण दिलं. कारकुनाला नको म्हणून सांगितलं. तक्रार रजिस्टर पोस्टाने आणि मेलने पाठवली. एकच अडचण: सोडियमच्या रिपोर्टवर छापलेली वेळ सकाळी १०:०५ आहे. म्हणजे तोही उपचारानंतरचा ठरणार का?

मिरजवाली_डॉक्टर

ती रिपोर्ट छापल्याची वेळ असेल. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात नमुना घेतल्याची वेळ असते, ती बघा. नसेल तर लॅबच्या रजिस्टरमध्ये मिळेल.